गृहकर्ज: 3 लाख आधी भरले तर व्याज किती वाचेल? तक्त्याच्या स्क्रीनशॉटवरून हिशेब हवा

मुग्धा_ठाणे: कर्ज 30 लाख, दर 8.5 टक्के, मुदत 20 वर्षं, हप्ता 26,035. 36 हप्ते भरून झालेत. आता 3 लाख एकरकमी भरायचे आहेत. दर हप्त्यातलं व्याज, मुद्दल आणि शिल्लक दाखवणाऱ्या परतफेडीच्या तक्त्याचा स्क्रीनशॉट आहे. 36व्या ओळीत शिल्लक मुद्दल 28,04,580. एकूण व्याज किती आणि वाचेल किती?

जमाखर्च: एकूण व्याजासाठी व्याजाच्या रकान्याची बेरीज करत बसू नका. 240 × 26,035 = 62,48,400, त्यातून 30 लाख वजा केले की 32,48,400. हप्त्यातल्या पैशांमुळे शे-पाऊणशे इकडेतिकडे.

आता बचत. 28,04,580 मधून 3 लाख गेले की 25,04,580 उरतात. शिल्लक रकान्यात खाली जात हा आकडा शोधा. 78व्या ओळीत 25,04,051 असेल, म्हणजे तुम्ही थेट जवळपास तिथे पोचता. मधल्या 37 ते 78 या 42 ओळींतलं व्याज वाचलं.

विनायक_क: सोपं आहे की! 42 हप्ते वाचले, 42 × 26,035 म्हणजे 10,93,470 ची बचत.

जमाखर्च: ओळी बरोबर मोजल्यात, पण त्या हप्त्यांत मुद्दलही आहे आणि ते मुग्धाताई खिशातून भरतायत. दोन ओळींच्या शिलकेतला फरक 3,00,529 वजा करा: 7,92,941. नेमका आकडा त्याहून हजारभराने कमी, कारण 529 रुपये अजून बाकी राहतात, ते व्याजाने वाढत जातात आणि इथून पुढच्या 162 हप्त्यांनंतर सुमारे 1,670 चा 163वा हप्ता येतो.

हे सगळं हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली तरच. मुदत तीच ठेवली तर हप्ता 23,250 च्या आसपास येतो आणि बचत फक्त 2.68 लाख. म्हणून अर्जात "हप्ता तोच, मुदत कमी" असं स्पष्ट लिहा आणि नवा तक्ता मागून घ्या.

संगीता_नाशिक: माझा तक्ता कर्ज मंजूर झालं तेव्हाचा आहे, नंतर दर दोनदा बदलला. मीही ओळ शोधून बघू का?

जमाखर्च: त्या तक्त्यात नको. तक्ता चालू आहे का ते एका ओळीत कळतं: मागची शिल्लक × दर ÷ 1200. मुग्धाताईंच्या 37व्या ओळीत व्याज 19,866 यायला हवं. तुमच्या बँकेच्या विवरणात चालू दराने असा आकडा जुळतो का बघा, मग आजची शिल्लक, आजचा दर आणि आजचा हप्ता घेऊन नवा तक्ता बनवा.

विनायक_क: दंड किती लागेल?

जमाखर्च: तरत्या दराचं, व्यक्तीच्या नावावरचं गृहकर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दंड नाही. स्थिर दर असेल तर करारनामा वाचा.

मुग्धा_ठाणे: तरता आहे. पैसे महिन्याच्या मध्यात भरले तर?

संगीता_नाशिक: माझ्या बँकेत त्याच दिवसापासून व्याज कमी धरलं. मैत्रिणीच्या बँकेने पुढच्या हप्त्यापासून धरलं. तुमच्या शाखेत विचारूनच तारीख ठरवा.