अनुभव धागा: हिरवा ठिपका मोजायचा की झालेलं काम?

माझ्या टीममध्ये सात जण आहेत. तिघे पुण्यात, बाकीचे नाशिक, कोल्हापूर आणि नागपूरला आपापल्या घरून काम करतात. दोन वर्षांपूर्वीपर्यंत अप्रेझलच्या आधी एचआरकडून एक शीट यायची. कोण किती तास लॉगिन होतं, टीम्सवर किती वेळ हिरवं होतं, एवढंच त्यात असायचं. पाच मिनिटं माउस हलला नाही की ठिपका पिवळा होतो. कोल्हापूरचा सहकारी आधी वहीत आकडेमोड करतो, मग कोडला हात लावतो. त्यामुळे त्या शीटमध्ये तो सगळ्यात खाली होता.

त्याच तिमाहीत बँकेच्या नोंदी आणि आमच्या नोंदी जुळवण्याचं काम त्याच्याकडे होतं. रोज चाळीसेक नोंदी जुळत नसत आणि अकाउंट्सची ताई त्या हाताने शोधत बसायची. सहा आठवड्यांत ते प्रमाण रोज तीन-चारवर आलं. शीटमध्ये पहिला आलेल्याने 31 तिकिटं बंद केली होती, पण त्यातली 11 पंधरा दिवसांत पुन्हा उघडली. शीट बाजूला ठेवून मी हे दोन्ही हिशोब शेजारी शेजारी मांडले, तेव्हा माझं मलाच वाईट वाटलं. आधीच्या वर्षी मी त्या शीटवर सही केली होती.

आता तिमाहीच्या सुरुवातीला प्रत्येक जण दोन-तीन ओळी लिहितो: शेवटी काय बदललेलं असेल आणि ते कुठे दिसेल. तुम्ही काय मोजता? कुठे फसलं? मोकळेपणाने लिहा.

सातारकर
यात एवढं काय? बंद झालेली तिकिटं मोजा. पुन्हा उघडली ती वजा करा. आकडा खोटं बोलत नाही.

मेधा_क
सातारकर, आम्ही वर्षभर अगदी हेच केलं. वजाबाकीसकट. दुसऱ्याच महिन्यात सगळे सोपी तिकिटं उचलायला लागले आणि डेटाबेस हलवण्याचं मोठं काम कुणी हातात घेईना. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्याचं कोड तपासायला कुणाकडे वेळ उरला नाही, कारण ते मोजलंच जात नव्हतं. आधी दुपारपर्यंत होणारा रिव्ह्यू तीन-तीन दिवस पडून राहायचा. असं काही सुरू झालंय का, हे ओळखायचं असेल तर दोनच गोष्टी बघा: सगळ्यात जुनं तिकीट किती दिवसांचं आहे आणि रिव्ह्यूला किती वाट बघावी लागते.

सहकार्यासाठी मी चार सहकाऱ्यांना दोन प्रश्न विचारते. ह्याच्यामुळे तुझं काम कधी पुढे सरकलं? आणि कधी अडलं? प्रसंग सांगायचा, तारीख किंवा लिंक द्यायची. ‘स्वभाव चांगला आहे’ असली उत्तरं मी परत पाठवते. एका मुलीच्या नावावर तिकिटं कमी होती, पण चारपैकी तिघांनी तिने लिहून ठेवलेल्या एकाच सेटअप नोटचा उल्लेख केला. नवीन माणूस आता दुसऱ्या दिवशी कामाला लागतो, पूर्वी आठवडा जायचा.

नवा_भिडू
आमच्याकडे घरून काम बंद करून तीन दिवस ऑफिस सक्तीचं केलंय. याविरुद्ध कुठे दाद मागता येते का?

मेधा_क
त्यासाठी वेगळा धागा काढ रे, इथे मूल्यमापनाचं चाललंय.

रात्रपाळी
मी सपोर्टला आहे. आमच्याकडे हजेरी हाच कामाचा भाग आहे. रात्री दोनला सर्व्हर पडला आणि मी जागेवर नाही, तर बाकी कितीही चांगलं काम केलेलं असो, उपयोग नाही. म्हणून पाळी सांभाळली की नाही हे बघायलाच हवं. पण हिरव्या ठिपक्यावरून नाही. अलार्मला किती मिनिटांत उत्तर दिलं आणि सकाळच्या माणसासाठी काय लिहून ठेवलं, यावरून. ‘डिस्क भरली होती, साफ केली’ एवढंच लिहिलं तर पुढच्या रात्री तेच. कशामुळे भरली, हे लिहिलं तर ते थांबतं.

अनघा_नागपूर
माझी थोडी दुसरी बाजू. मी नवीन होते. तास कुणी विचारत नव्हतं, ते छानच. पण नऊ दिवस मी एकाच ठिकाणी अडकले होते आणि कुणाला पत्ता नव्हता. मग क्लायंटने प्रोजेक्टच थांबवलं. माझ्या त्या दोन-तीन ओळींपुढे शेवटी ‘झालं नाही’ एवढंच राहिलं.

धागाकर्ता
अनघा, हे माझ्याकडेही झालंय. आता दर पंधरा दिवसांनी त्या ओळी पुन्हा उघडतो. दिशा बदलली तर ओळ तारीख घालून बदलायची, म्हणजे क्लायंटचा निर्णय माणसाच्या नावावर बसत नाही. नवीन माणसाला पहिले तीन महिने रोज एक ओळ लिहायला सांगतो: कुठे अडलंय. त्या ओळीवरून गुण द्यायचे नाहीत, हे आधीच सांगतो. नाहीतर कुणी खरं लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही. एवढं सगळं करून शेवटी एचआर सात जणांना एका रांगेत लावायला सांगते. नोंदी जुळवणारा वर की मेधाच्या टीममधल्या मुलीसारखी सेटअप नोट लिहिणारी वर? कुणी हे केलं असेल तर कसं केलं, ते सांगा.