शब्दचर्चा: ठेकेदाराच्या बिलातून कापलेल्या ‘एलडी’चा खुलासा – ‘दंड’ लिहावं की ‘भरपाई’?

खरेदी_नांदेड
नमस्कार मंडळी. आमची छोटी उपसा सिंचन संस्था आहे. पाइप पुरवठा करणाऱ्या ठेकेदाराच्या बिलातून उशिराबद्दल पैसे कापलेत, त्यालाच ‘एलडी’ म्हणतात. आता त्यानं लेखी विचारलंय, का कापले आणि कसे कापले. सचिवांनी उत्तराचा मसुदा दिला आणि म्हणाले, “भाषा जरा बघ, उद्या कुठं वाचला गेला तर लाज नको.” मसुदा असा आहे:

“आपण केलेल्या अक्षम्य दिरंगाईमुळे व वारंवार तोंडी सूचना देऊनही दाखवलेल्या हलगर्जीपणामुळे सभासदांचे अतोनात नुकसान झाले आहे. सबब नाइलाजास्तव आपणास रु. ७२,०००/- इतका दंड आकारून बिलाची रक्कम कमी करण्यात आली आहे. याची नोंद घ्यावी.”

‘दंड’ ठेवू की ‘नुकसानभरपाई’ करू? आणि ‘दिरंगाई’ला जरा सौम्य शब्द सुचवा.

मास्तर_परभणी
‘दिरंगाई’मध्ये दोष आहे, ‘विलंब’मध्ये नाही. दिरंगाई माणूस करतो, विलंब होतो. ‘हलगर्जीपणा’ तर सरळ आरोपच. ‘अक्षम्य’ काढाच. क्षमा करायची की नाही, हा प्रश्न पत्रात आलाच कुठून? माझ्या मते “झालेल्या अनपेक्षित विलंबामुळे” एवढं पुरे.

वकिली_लातूर
‘दंड’ अजिबात नको. करार कायद्याच्या कलम ७४ खाली दंड चालत नाही, फक्त नुकसानभरपाई चालते. ‘दंड’ लिहिलंत की तुमची कपात रद्द. आणि नुकसान रुपयांत सिद्ध केल्याशिवाय एक पैसाही कापता येत नाही.

ठेकेदार_बीड
हे वाचून माझं दुखणं आठवलं बघा. मागं एका कार्यालयानं माझ्या बिलातून पैसे कापले आणि रकान्यात फक्त ‘इतर वजावट’ एवढंच. विचारायला गेलं की म्हणायलेत, नियमात आहे. कोणत्या नियमात? ते सांगंना कोणी. अनामत रक्कमपण वर्षभर अडकून पडली होती. त्याला काय शब्द वापरतात ते सांगा कोणीतरी.

जुना_लेखापाल
बीडकर, अनामत वेगळी, ती इथं आणू नका. पण ‘इतर वजावट’चं तुमचं उदाहरण कामाचं आहे. असल्या पत्राचा वाचक एकच असतो, ज्याचे पैसे कापले तो. तो आधी रकमेकडं बघतो, मग ती कशी आली ते शोधतो.

लातूरकर, तुमचं अर्धं बरोबर आहे. कलम ७४ मध्ये दंडाच्या कलमाचाही उल्लेख आहे. करारात रक्कम नाव घेऊन ठरवलेली असेल, किंवा दंड म्हणून अट असेल, तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि ती ठरलेल्या रकमेच्या वर जात नाही. तेव्हा शब्द चुकला म्हणून कपात आपोआप बाद होत नाही. तरी ‘दंड’ नकोच, कारण आपण शिक्षा करतोय असा वास येतो आणि समोरचा वकील तोच धागा धरतो. नुकसान सिद्ध करण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचे २००३ चा सॉ पाइप्सचा आणि २०१५ चा कैलाशनाथचा असे दोन निकाल वाचा. जिथं नुकसान मोजता येतं तिथं ते दाखवावं लागतं. जिथं मोजणं अवघड आहे तिथं आधी प्रामाणिकपणे अंदाजून ठरवलेली रक्कम ग्राह्य धरता येते. म्हणून ‘अतोनात नुकसान’ सगळ्यांत धोक्याचं. ‘अतोनात’ लिहिलंत की किती, ते विचारणारच.

नांदेडकर, आता तुमच्याकडं येतो. भाषा नंतर. हे ७२,००० आले कुठून?

खरेदी_नांदेड
एकूण आदेश ६,००० मीटरचा, दर ४०० रुपये मीटर, म्हणजे कर सोडून २४ लाख. मुदत ३१ मे २०२४. शेवटचा माल ११ जुलैला आला, ४१ दिवस उशीर, म्हणजे सहा आठवडे. अर्ध्या टक्क्यानं तीन टक्के. २४ लाखांचे तीन टक्के ७२,०००.

जुना_लेखापाल
“शेवटचा माल” म्हणालात. मग पहिला कधी आला? आणि अट शब्दशः टाका इथं.

खरेदी_नांदेड
४,००० मीटर २८ मेला आले होते, गेटच्या वहीत नोंद आहे. अट क्र. ९ अशी: “पुरवठादाराने मुदतीत माल न दिल्यास उशिरा मिळालेल्या मालाच्या करपूर्व किमतीवर, प्रत्येक आठवड्यास किंवा आठवड्याच्या भागास अर्धा टक्का, कमाल दहा टक्के, या दराने रक्कम वसूल केली जाईल. खरेदीदाराच्या कारणाने गेलेला काळ धरला जाणार नाही.”

जुना_लेखापाल
झालं. “उशिरा मिळालेल्या मालाच्या” हे तीन शब्द सचिवांच्या नजरेतून सुटले. ४,००० मीटर तर मुदतीच्या तीन दिवस आधीच तुमच्या दारात होते. उशीर फक्त २,००० मीटरला, त्याची किंमत आठ लाख. सहा आठवडे धरले तरी तीन टक्के म्हणजे २४,०००. आता ‘अक्षम्य दिरंगाई’च्या जागी ‘समुचित विलंब’ लिहिलं असतं तरी ७२,००० तिथंच राहिले असते. मी कायम हेच सांगतो: विशेषण काढा आणि मोकळ्या जागेत तारीख, परिमाण, अट टाका. टाकायला काही सापडलं नाही, तर ते वाक्यच नको होतं.

बरं, अटीची शेवटची ओळ. ११ जुलैपर्यंतच्या काळात तुमच्यामुळं काही थांबलं होतं का?

मास्तर_परभणी
‘समुचित विलंब’ मी कुठं सुचवला? पण मुद्दा पटला.

खरेदी_नांदेड
एक आहे. ठेकेदारानं ३ जूनला पत्र दिलं की माल कारखान्यात तयार आहे, तपासणीला माणूस पाठवा. आमचा नेमलेला तपासनीस १३ जूनला गेला. सचिव म्हणतात, ही मागणीच मुदत संपल्यावर आली, मग आमचे दहा दिवस कशाला सोडायचे?

वकिली_लातूर
सचिव बरोबर. मुदत आधीच मोडली होती.

जुना_लेखापाल
मला नाही वाटत. अटीत “खरेदीदाराच्या कारणाने गेलेला काळ” एवढंच म्हटलंय, मुदतीआधी की नंतर ते नाही. दहा दिवस सोडले तर ३१ दिवस, म्हणजे चार आठवडे तीन दिवस. आठवड्याचा भागही धरायचा, म्हणून पाच. आठ लाखांचे अडीच टक्के, २०,०००. फरक चार हजारांचा. पत्र लिहिताना दोन्हींतलं एक धरा, पण धरलेलं लिहा. सोडले नसतील तर “तपासणीची मागणी मुदतीनंतर आल्याने हे दिवस वगळलेले नाहीत” असं वाक्य हवं. लपवलं तर ठेकेदार तेच बोट दाखवणार.

आणखी एक, आणि हे त्याहून महत्त्वाचं. ११ जुलैला माल घेताना तुम्ही काय लिहून दिलं?

खरेदी_नांदेड
चलनावर “माल सुस्थितीत मिळाला” आणि सही. पण २५ जूनला आम्ही त्याला पत्र दिलंय: उशिराबद्दल भरपाई मागण्याचा हक्क राखून ठेवत आहोत.

जुना_लेखापाल
ते पत्र जपा. करार कायद्याचं कलम ५५ बघा. वेळेवर न झालेली पूर्तता तुम्ही नंतर स्वीकारली आणि स्वीकारतानाच भरपाई मागणार असल्याचं कळवलं नाही, तर त्या उशिराबद्दल नंतर मागता येत नाही. ‘तोंडी सूचना’ हा शब्दप्रयोग म्हणूनच बेकार, कलमाच्या तोंडावर टिकत नाही. २५ जूनच्या पत्राची तारीख आणि जावक क्रमांक मात्र टिकतो.

वकिली_लातूर
कलमात “स्वीकारतानाच” आहे. २५ जून म्हणजे माल येण्याच्या सोळा दिवस आधी. चलनावर काही नाही. यावर भांडता येईल.

जुना_लेखापाल
येईल, नाकारत नाही. माझ्या मते आधी दिलेली, मागे न घेतलेली सूचना स्वीकारतानाही उभीच असते. पण पुढच्या वेळी चलनावरच “उशिराच्या भरपाईचा हक्क राखून” एवढी ओळ लिहा, सहीच्या वर.

मास्तर_परभणी
“बिलाची रक्कम कमी करण्यात आली” हे वाक्य कसं वाटतं? मला ‘वजा’ बरं वाटतं.

जुना_लेखापाल
इथं तुम्ही बरोबर नेम धरलात, मास्तर. बिलाची रक्कम कमी झालेलीच नाही. ठेकेदाराचं बिल पूर्ण किमतीचं राहतं, त्यावरचा जीएसटीही पूर्ण. तुम्ही द्यायच्या पैशांतून वजा केलंत. म्हणून “देय रकमेतून वजा” लिहा. नाहीतर त्याचा हिशेबनीस बिल बदलायला बसेल.

ठेकेदार_बीड
मग कापलेल्या पैशावर जीएसटी लागतो का? मला एकानं अठरा टक्के जोडून कापलं होतं.

जुना_लेखापाल
३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात केंद्रीय मंडळानं सांगितलंय की करारभंगाची अशी ठरीव भरपाई हा कोणत्या पुरवठ्याचा मोबदला नाही, त्यामुळं त्यावर कर नाही. परिपत्रक क्रमांक १७८. तुमच्या त्या कापणाऱ्याला दाखवा.

खरेदी_नांदेड
मग आता हा मसुदा कसा वाटतो? मी दहा दिवस वगळून केलाय:

“पुरवठा आदेशानुसार ६,००० मीटर पाइप ३१ मे २०२४ पर्यंत संस्थेच्या गोदामात मिळणे अपेक्षित होते. त्यांपैकी ४,००० मीटर २८ मे रोजी मिळाले. त्यांवर वजावट केलेली नाही. उरलेले २,००० मीटर ११ जुलै रोजी, मुदतीनंतर ४१ दिवसांनी मिळाले. आपल्या ३ जूनच्या तपासणी मागणीनंतर संस्थेच्या तपासनिसास १० दिवस लागले, ते वगळून विलंब ३१ दिवसांचा धरला आहे. अट क्र. ९ प्रमाणे पाच आठवड्यांसाठी अडीच टक्के, उशिरा मिळालेल्या मालाच्या करपूर्व किमतीवर (रु. ८,००,०००) रु. २०,००० होतात. भरपाईचा हक्क राखून ठेवल्याचे आमच्या २५ जूनच्या पत्राने कळवले होते. ही रक्कम देय रकमेतून वजा करण्यात आली आहे. यापूर्वी वजा केलेल्या रु. ७२,००० पैकी रु. ५२,००० आपणास अदा करण्यात येत आहेत. वरीलपैकी कोणतीही तारीख अथवा आकडा मान्य नसल्यास कागदपत्रांसह कळवावे.”

मास्तर_परभणी
“मिळणे अपेक्षित होते” ढिलं आहे. तो करार होता, अपेक्षा नव्हे. “द्यायचे होते” लिहा. बाकी मला एकही शब्द हलवावासा वाटत नाही.

ठेकेदार_बीड
असं पत्र मला आलं असतं तर मी चहा पाजला असता. ५२,००० परत मिळणार म्हणून नाही हो, हिशेब दिसतो म्हणून.

जुना_लेखापाल
“वरीलपैकी कोणतीही तारीख” हे चांगलं केलंत, वाद झालाच तर तो तारखेवर होईल. ‘दंड’ कुठंच उरला नाही, हेही. फक्त गेटच्या वहीतल्या ११ जुलैच्या नोंदीची छायाप्रत जोडा. ट्रकवाल्याच्या चलनावर कधी कधी निघाल्याची तारीख असते, मिळाल्याची नाही.

खरेदी_नांदेड
चलनावर खरंच ९ जुलै आहे, बघितलं आत्ता. मसुदा सचिवांना दिलाय. त्यांनी “द्यायचे होते” मान्य केलं, पण दहा दिवसांच्या ओळीवर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलंय. म्हणतात कार्यकारी समितीत ठेवू, तोवर ४८,००० देऊन टाका, चार हजारांचं नंतर बघू.