मदत हवी आहे: बाबांना गुदाशयाचा कॅन्सर, ऑपरेशन लगेच का करत नाहीत?

ऋतुजा: बायोप्सीत कॅन्सर आला. सर्जन म्हणतात, आधी साडेपाच आठवडे रेडिएशन आणि गोळ्या, मग दोन-अडीच महिने थांबायचं, मग ऑपरेशन. गाठ दिसतेय तर काढत का नाहीत? तोवर पसरली तर? लवकर सांगा.

प्रभाकर: माझ्या मेव्हण्याचं आठवड्यात ऑपरेशन झालं. दुसरा सर्जन गाठा.

निवृत्त_सर्जन: प्रभाकरराव, त्यांचा आतड्यात वर होता की गुदाशयात? वरच्याला सहसा आधी ऑपरेशनच करतात. ऋतुजा, ओटीपोटाचा एमआरआय झालाय का?

ऋतुजा: सीटी झाला, यकृत-फुप्फुस ठीक आहे. एमआरआयही झालाय. लिहिलंय: गाठ गुदद्वारापासून ७ सेंमी, टी३, एन१, एमआरएफपासून ०.८ मिमी. हे सांगायला हवं होतं का?

निवृत्त_सर्जन: तुमचं उत्तर त्या ०.८ मध्येच आहे. गुदाशयाभोवती चरबीचं वेष्टण असतं, त्यात लसिकाग्रंथी असतात आणि बाहेरून पातळ पडदा, तोच एमआरएफ. टी३ म्हणजे गाठ भिंतीपलीकडे चरबीत गेलीय, एन१ म्हणजे जवळच्या काही ग्रंथींत पोचलीय. ऑपरेशनमध्ये पडद्यासकट सगळी चरबी अखंड काढायची असते. चरबीचा तुकडा मागे राहिला तर त्यातल्या पेशींतून कॅन्सर ओटीपोटात पुन्हा उगवू शकतो. १९८२मध्ये ब्रिटिश सर्जन हील्ड यांनी हे मांडलं. बाबांची गाठ पडद्याला १ मिमीच्या आत आलीय. आत्ता कापलं तर कडेला पेशी राहण्याचा धोका मोठा. रेडिएशनने गाठ आक्रसून पडद्यापासून दूर सरकावी म्हणून हा खटाटोप. आक्रसायलाही वेळ लागतो, म्हणून नंतरची थांबणूक.

प्रभाकर: मेव्हण्याचा वरच्या आतड्यातच होता. माझी चूक.

मीनल: मूळव्याधीवरही रेडिएशन देतात का?

सुहास: आईला पाचच दिवस रेडिएशन दिलं, नंतर केमो, मग ऑपरेशन. साडेपाच आठवडे, म्हणजे अठ्ठावीस खेपा कशाला? शिवाय गाठ पूर्ण विरघळली तर ऑपरेशन लागतच नाही.

निवृत्त_सर्जन: पाच दिवसांची पद्धत आहेच. पडदा इतका जवळ असताना मी लांब कोर्सच निवडला असता.

सुहास: आईचाही जवळच होता, तिचं नीट झालं.

निवृत्त_सर्जन: असेल, यावर डॉक्टरांतही मतभेद आहेत. पण 'लागतच नाही' म्हणू नका. गाठ दिसेनाशी झाली तरी सुरुवातीला दर तीन-चार महिन्यांनी दुर्बीण आणि ठरावीक काळाने एमआरआय लागतात, काहींची परत येते. मीनल, नाही, मूळव्याधीवर रेडिएशन देत नाहीत. रक्त जात असेल तर मूळव्याध धरून बसू नका, तपासून घ्या.

ऋतुजा: पोटावर पिशवी लागेल असंही म्हणाले. कायमची?

निवृत्त_सर्जन: सात सेंमीला बहुधा तात्पुरती. ऑपरेशनमध्ये आतडं जोडतात, तो जोड सुकेपर्यंत मळ बाजूने वळवतात, पुढे काही महिन्यांत बंद करतात. रेडिएशन संपल्यावर पुन्हा एमआरआय होईल. त्यात गाठ आणि पडद्यातलं अंतर किती आलं तेवढं विचारून इथे लिहा.

ऋतुजा: उद्या रेडिएशनच्या प्लॅनिंगचा सीटी आहे. बाबांना सांगते, हे थांबणं म्हणजे टाळाटाळ नाही.