मदत हवी आहे: उच्च न्यायालयाचा आदेश कार्यालय पाळत नाही, अवमान याचिकेत ‘जाणूनबुजून’ हे कसं दाखवायचं?

निशिगंध_७
नमस्कार. माझे वडील 2019 मध्ये निवृत्त झाले. उपदान बरंच उशिरा मिळालं, म्हणून त्यावरच्या व्याजासाठी अर्ज केला होता. अर्ज पडूनच राहिला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका केली. 10 जानेवारी 2025 ला आदेश झाला. त्याचा मथितार्थ असा, की प्रतिवादी क्र. 3 यांनी आदेशाची प्रत मिळाल्यापासून आठ आठवड्यांत अर्जावर निर्णय घ्यावा, आणि काही रक्कम देय निघाल्यास ती पुढच्या चार आठवड्यांत द्यावी.

प्रत 3 फेब्रुवारीला आवक विभागात दिली, शिक्का आहे. आज वर्ष होत आलं, एक रुपया मिळालेला नाही. मधे एप्रिलमध्ये एक पत्र आलं: ‘आपले प्रकरण मार्गदर्शनासाठी वरिष्ठ कार्यालयास सादर केले आहे.’ बस्स. तेव्हाचे अधिकारी जूनमध्ये बदलून गेले. नवे म्हणतात, मला काही कल्पना नाही, मी नंतर आलो. आमचे वकील म्हणतात अवमान याचिका करू, पण ‘विलफुल’ सिद्ध करणं अवघड जातं. नेमकं काय लागतं?

फटकळ_बापू
एक वर्ष न दिलं म्हणजे जाणूनबुजूनच, त्यात सिद्ध काय करायचं? सरळ दोघांनाही पार्टी करा. वर्षाच्या मुदतीचीही काळजी नको, पैसे देत नाहीत म्हणजे रोज नवा अवमान होतोय. फक्त आधी वकिलाची नोटीस द्या, तिच्याशिवाय याचिका दाखलच होत नाही.

अश्विनी_वकील
बापू, नोटीस द्यावी हे बरोबर, पण ती बंधनकारक नाही. कायद्यात तशी अट नाही. ती द्यायची ती पुराव्यासाठी. आणि ‘रोज नवा अवमान’ यावर तर अजिबात विसंबू नका. 1971 च्या कायद्याचं कलम 20 अवमान घडल्यापासून एक वर्ष देतं. आठ आठवड्यांत एखादं काम करायचं होतं आणि ते झालं नाही, तर उल्लंघन आठ आठवडे संपताच घडलं. त्याचे परिणाम पुढे चालू राहतात म्हणून मुदत रोज नव्याने सुरू होत नाही.

निशिगंध, तुमची मुदत मोजून बघा. 3 फेब्रुवारीपासून छप्पन्न दिवस म्हणजे 31 मार्च 2025. तेव्हा याचिका 31 मार्च 2026 च्या आत दाखल व्हायला हवी. मुदतीत दाखल झाली की पुढे न्यायालयाला वेळ लागला तरी चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्येच स्पष्ट केलं आहे.

आता मुख्य गोष्ट. न्यायालयाने व्याज द्या असं सांगितलेलंच नाही. निर्णय घ्या असं सांगितलं आहे. रक्कम ‘देय निघाल्यास’. म्हणजे आज झालेला अवमान निर्णय न घेण्याचा आहे, पैसे न देण्याचा नाही. याचिकेत व्याज मागितलंत तर समोरचा वकील पहिल्याच दिवशी म्हणेल, हे आदेशात कुठे आहे? आदेशाचे दोन अर्थ निघत असतील तर फायदा अधिकाऱ्याला मिळतो. म्हणून मजकूर तंतोतंत आदेशाच्या शब्दांत ठेवा.

मीनाक्षी_नाशिक
माझीही अशीच केस आहे. शेजाऱ्याविरुद्ध दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम आहे, तरी त्याने भिंत बांधली. मीही उच्च न्यायालयात जाऊ का?

अश्विनी_वकील
मीनाक्षीताई, तुमचं प्रकरण वेगळं आहे. मनाई हुकूम तात्पुरता असेल तर ज्या न्यायालयाने दिला तिथेच ऑर्डर 39 रूल 2-अ खाली अर्ज करा. त्यात मालमत्ता जप्त करता येते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. वेगळा धागा काढा, इथे गोंधळ होईल.

निशिगंध_७
ताई, हे कळलं. मग अधिकाऱ्याला आदेश माहीत होता हे आवक शिक्क्याने पुरेल का? नव्या साहेबांचं काय?

निवृत्त_कारकून
चाळीस वर्षं फायली हलवल्यात, म्हणून सांगतो. एप्रिलचं ते पत्र काढा आणि वरच्या बाजूला ‘संदर्भ’ बघा. संदर्भात काय लिहिलंय आणि खाली सही कोणाची आहे?

निशिगंध_७
आत्ता पाहिलं. ‘संदर्भ : 1. मा. उच्च न्यायालय, खंडपीठ नागपूर यांचा दि. 10/01/2025 रोजीचा आदेश. 2. आपला अर्ज.’ सही जुन्या साहेबांची स्वतःची आहे. तारीख 15 एप्रिल.

निवृत्त_कारकून
झालं की! आवक शिक्का म्हणजे कागद कार्यालयात आला, एवढंच. तो साहेबांच्या टेबलावर गेला का, हा वाद घालता येतो. हे पत्र मात्र साहेबांनी सही करून दिलेली कबुली आहे. तुम्हाला वाटेला लावायला पत्र लिहिलं आणि त्यातच आदेशाची तारीख घातली.

आता माहिती अधिकारात फाइलवरच्या टिप्पणीच्या प्रती आणि मार्गदर्शनाच्या पत्राचा जावक क्रमांक व तारीख मागा. आजच. उत्तराला तीस दिवस धरा, मार्च लांब नाही. वरिष्ठ कार्यालयातही वेगळा अर्ज करून विचारा, असं पत्र आलंय का. अनेकदा ‘सादर केले आहे’ म्हणतात आणि पत्र टेबलाच्या खणातच असतं.

अश्विनी_वकील
काकांनी नेमकं सांगितलं. ‘जाणूनबुजून’ हे थेट पुराव्याने क्वचितच दिसतं, ते तारखांवरून दाखवावं लागतं. 3 फेब्रुवारीला आदेश मिळाला. 31 मार्चला मुदत संपली. मार्गदर्शन मागायचंच होतं तर मुदतीत मागता आलं असतं, किंवा न्यायालयाकडे मुदतवाढ मागता आली असती. जावक नोंद 31 मार्चनंतरची निघाली तर ‘अडचण होती’ हे म्हणणं लंगडं पडतं. उलट फेब्रुवारीतच पत्र गेलं आणि वरून उत्तरच आलं नाही, असं निघालं तर मात्र जुने साहेब बऱ्यापैकी सुटू शकतात. ही शक्यता वकिलांना आधीच सांगून ठेवा. पुनर्विलोकन किंवा अपील केलंय का, त्यात स्थगिती मिळाली का, हेही तपासा. नुसतं अपील दाखल असणं म्हणजे स्थगिती नव्हे.

नव्या साहेबांना आदेशाची प्रमाणित प्रत, जुन्या पत्राची प्रत जोडून, त्यांच्या नावाने स्पीड पोस्टने पाठवा, पोच जपून ठेवा. त्यात पंधरा दिवस द्या. मग ‘मी नंतर आलो’ म्हणता येणार नाही. त्यांना प्रतिवादी करावं की नाही यावर मतं वेगळी आहेत. माझं मत, दोघांनाही नावानिशी करावं, प्रत्येकाचा पदभाराचा काळ लिहून.

फटकळ_बापू
आणि नोटीस मिळाल्यावर त्यांनी अर्ज फेटाळून टाकला तर?

अश्विनी_वकील
तर आदेशाची पूर्तता उशिरा का होईना झाली, असं म्हणतील. विलंबासाठी माफीनामा येईल आणि बहुतेक वेळा तो स्वीकारला जातो. कायद्यात शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, 2000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही इतकी असली तरी तिथवर गोष्ट क्वचित जाते. फेटाळण्याची कारणं चुकीची असतील तर नवी रिट करावी लागेल. अवमान याचिकेत तो निर्णय बरोबर की चूक हे ठरत नाही.

निशिगंध_७
म्हणजे पुन्हा रिट? बाबांना हे सांगायचं कसं ते बघतो. माहिती अधिकाराचे दोन्ही अर्ज उद्या टाकतो. वकील विचारतात, टिप्पणी येईपर्यंत थांबायचं की याचिका आधी दाखल करून टिप्पणी नंतर शपथपत्राने जोडायची? इथे कोणी तसं केलं असेल तर सांगा.