घोटाळ्याची चौकशी चालू असताना ‘काही पुसू नका’ ही सूचना कशी द्यावी?

काटावही:
जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत एका सळई कारखान्याचं प्रशासन बघतो. भंगार खरेदीच्या वजनात गडबड असल्याचा संशय आहे, मालकांनी अंतर्गत चौकशी लावली. ई-मेल, काट्याच्या पावत्या, रजिस्टरं जपून ठेवा, अशी सूचना मला काढायची आहे. मालक म्हणतात दम भरूनच लिहा. मला ती शांतपणे लिहावीशी वाटते. तुमचं मत सांगा.

बालाघाटी:
सूचनाच काढू नका. झडतीला जायच्या आधी कुणी निरोप धाडतं का? ज्यानं केलंय तो कागद वाचल्या वाचल्या पुसायला बसणार. आधी काट्यावरचा कॉम्प्युटर उचला, कपाटाला कुलूप घाला, मग काय बोलायचं ते बोला.

वाळूजकर:
अठरा वर्षं अंतर्गत लेखापरीक्षणात आहे. बालाघाटी, तुमची भीती खरी आहे, पण यात कामं दोन आहेत. प्रत गुपचूप घ्यायची आणि सूचना उघडपणे द्यायची. ई-मेलची आणि काट्याच्या कॉम्प्युटरची प्रत आदल्या रात्री घ्या, मेल आपोआप पुसले जाण्याची सेटिंग बंद करा. सूचना दुसऱ्या दिवशी सकाळी. मग कुणी पुसलंच, तर काय पुसलं तेही कळतं.

पण नुसती जप्ती पुरत नाही, कारण पुरावा एका टेबलावर नसतो. एका भंगार खरेदीच्या प्रकरणात आम्हाला शंका आली ती रिकाम्या ट्रकच्या वजनावरून. एकच ट्रक, महिन्याभरात नऊ खेपा. रिकामं वजन कधी १०,९५० किलो, कधी १०,३५०. रिकामं वजन ६०० किलो कमी दाखवलं की माल ६०० किलो जास्त दिसतो. किलोला ३५ रुपये धरले तरी एका खेपेला २१,००० रुपये झाले. काट्याच्या कॉम्प्युटरवर फक्त आकडे होते. ते कुणाच्या सांगण्यावरून, हे खरेदीवाल्याच्या मेलमध्ये. ट्रक आत किती वाजता आला, हे गेटवरच्या आवक रजिस्टरात. आणि रजिस्टर सांभाळणारा सुरक्षा ठेकेदाराचा माणूस, कंपनीचा नव्हेच. त्याला कुणी सांगितलंच नाही. भरलेली रजिस्टरं तो दिवाळीआधी रद्दीत घालायचा. दोन गेली, दोन वाचली.

उदगीरकर:
माझा अनुभव सांगतो. आमच्या पतसंस्थेत असाच कागद आला न् सगळ्यांकडून सही घेतली. वर्षानं म्हणायलेत, तुम्ही सही केली म्हणजे तुम्हाला आधीपासून सगळं माहीत होतं. त्यामुळं दादा, असल्या कागदावर सही करूच नका. पासवर्ड तर अजिबात देऊ नका.

काटावही:
उदगीरकर साहेब, सही मला करायची नाही, मी घेणार आहे. पासवर्डही कुणाचा मागत नाही. पण तुमच्यासोबत जे झालं ते वाचून वाटतं, ही भीती आमच्या माणसांनाही असणार.

गोदाकाठची:
मी नांदेडला वकिली करते. उदगीरकरांच्या अनुभवाचं उत्तर सूचनेच्या भाषेतच द्यायला हवं. ‘ही सूचना मिळणं म्हणजे तुमच्यावर संशय आहे असं नाही’ हे वाक्य घाला, आणि सहीच्या वर ‘सूचना मिळाली, वाचली’ एवढंच. याहून जास्त कशाची कबुली तिथे नको.

बालाघाटी:
मग धाक कशाचा? भारतीय न्याय संहितेचं कलम २४१ आहे की. पुरावा नष्ट केला तर तीन वर्षं आत. ते ठळक अक्षरात छापा.

गोदाकाठची:
कलम बरोबर आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत हेही बरोबर. पण ते न्यायालयापुढे किंवा सरकारी अधिकाऱ्यापुढच्या कामात हजर करायला भाग पाडता येईल अशा कागदाबद्दल आहे, आणि तो तिथे येऊ नये हा हेतूही दाखवावा लागतो. कंपनीची घरची चौकशी म्हणजे न्यायालय नव्हे. उद्या प्रकरण पोलिसांत गेलं तर कलम लागू शकतं, पण आज ‘मेल पुसला की तुरुंग’ लिहिलंत तर ते अर्धसत्य होईल.

वाळूजकर:
आणि दमाचा उलटा परिणाम मी पाहिलाय. घाबरून पुसणारा बहुतेक वेळा चोर नसतो. कुणी घरगुती गप्पा पुसतो, कुणी पुरवठादारानं दिलेल्या मिठाईच्या डब्याबद्दलचा मेल. मग पुसलेलं सगळंच संशयास्पद दिसायला लागतं, आणि चौकशीचे पंधरा दिवस निर्दोष माणसामागे जातात. मी असा मजकूर लिहीन:

“भंगार खरेदी व वजनाच्या नोंदींची अंतर्गत तपासणी चालू आहे. १ एप्रिलपासूनचे या कामाचे ई-मेल, संदेश, पावत्या, रजिस्टरे व फाइली आहेत तशाच ठेवाव्यात. काही पुसू, बदलू, फाडू किंवा दुसरीकडे हलवू नये. काही आधीच पुसले गेले असल्यास तसे कळवावे. ही सूचना मिळणे म्हणजे आपल्यावर संशय आहे असे नाही. लेखी कळवेपर्यंत ती लागू राहील. शंका असल्यास प्रशासन विभागाशी बोलावे.”

यात कुणाचं नाव नाही आणि काय सापडलं तेही नाही. ‘आधीच पुसले गेले असल्यास’ या वाक्यावर लोक स्वतःहून बोलतात, म्हणून ते गाळू नका. ‘हलवू नये’ का, तर प्रामाणिक माणूस मदत म्हणून मेल स्वतःच्या खासगी पत्त्यावर पाठवून ठेवतो. जुनी एक्सेल फाइल उघडून कुणी सेव्ह केली तर तिच्यावर आजची तारीख चढते, हेही तोंडी समजावून सांगा.

गोदाकाठची:
प्रत कशी घेतली यालाही महत्त्व आहे. जालनेकरांना आठवत असेल, २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, हा वाद निवडणूक कार्यालयातल्या चित्रणावर आला. सीडी मिळाल्या, पण त्यांच्यासोबत लागणारं प्रमाणपत्र अधिकारी देईनात. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये खोतकर विरुद्ध गोरंट्याल या निकालात सांगितलं, मूळ यंत्र समोर नसेल तर प्रमाणपत्र हवंच. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या नमुन्यात प्रतीचा हॅश, म्हणजे आतलं एक अक्षर बदललं तरी बदलणारा तिचा ओळखक्रमांक, हाही लिहावा लागतो. म्हणून प्रत घेताना तो तिथेच काढा, आणि कुणी, किती वाजता, कोणत्या यंत्रावरून प्रत घेतली ते टिपून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. सहा महिन्यांनी हे आठवून लिहिता येत नाही.

बालाघाटी:
बरं, हे पटलं. पण मोबाइलचं काय? आमच्याकडं खरा सौदा मेलवर होतच नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर होतो. फोन जमा करा असं लिहायला पाहिजे.

गोदाकाठची:
खासगी फोन सक्तीनं जमा करण्याच्या मी विरोधात आहे. कामाचे संदेश पुसू नका आणि आपोआप गायब होण्याची सोय बंद ठेवा, इथपर्यंत ठीक.

वाळूजकर:
इथे ताईंशी माझं पूर्ण जमत नाही. ती सोय २४ तासांवर लावलेली असली तर सूचना वाचेपर्यंत संदेश गेलेला असतो. दोन-तीन मुख्य माणसांना त्याच दिवशी बोलावून, त्यांच्या लेखी संमतीनं, त्यांच्यासमोरच कामापुरत्या संवादाची प्रत मागावी.

गोदाकाठची:
मालकाच्या केबिनमध्ये बसवून घेतलेल्या संमतीला मी संमती म्हणत नाही. त्याला नाही म्हणायची मोकळीक आहे, हेही लेखी द्याल का?

वाळूजकर:
द्यायला हरकत नाही. पण मग तो नाहीच म्हणेल, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

काटावही, एक विचारायचं राहिलं. काट्यावर कॅमेरा आहे का? मघाच्या प्रकरणात आमचं तिथेच अडलं. रिकामं वजन करताना मागची चाकं काट्याबाहेर ठेवली की वजन कमी भरतं, आणि ते फक्त चित्रणात दिसतं. आम्ही २६ व्या दिवशी पोहोचलो आणि डीव्हीआर २० दिवसांनी जुन्यावर नवं लिहीत होता. ६०० किलोंचा फरक कागदावर सिद्ध झाला, कसा केला ते शेवटपर्यंत नाही.

काटावही:
आत्ताच जाऊन पाहिलं. सगळ्यात जुनं चित्रण १७ दिवसांपूर्वीचं आहे. संशयाची पहिली खेप १५ दिवसांपूर्वीची.

वाळूजकर:
मग मजकूर उद्या लिहा. आज रात्रीच त्या डीव्हीआरची हार्डडिस्क काढून दुसरी बसवा, म्हणजे कॅमेरा चालू राहील. काढलेलीवरचा क्रमांक टिपून घ्या, पाकिटात सीलबंद करा आणि वर दोघांच्या सह्या घ्या. काटा चालवणाऱ्याला सोबत घेऊ नका.