मीटिंगचा मेल पाठवायच्या आधी तुम्ही काय तपासता? (अनुभव धागा)

सायली_क

मागच्या महिन्यातली गोष्ट. आमच्या रिपोर्टचा एक भाग बाहेरच्या एका जाणकार बाईंना दाखवून त्यांचं मत घ्यायचं होतं, काम म्हणाल तर अर्ध्या तासाचं. मी मेल टाकला, "नमस्कार मॅडम, रिपोर्टबद्दल थोडं बोलायचं होतं, या आठवड्यात तुम्हाला कधी वेळ आहे ते कळवाल का?" मला वाटलं काय नम्र मेल लिहिलाय मी.

दोन दिवसांनी त्यांचं उत्तर, "कशाबद्दल? किती वेळ लागेल?" मी सांगितलं. मग त्या, "गुरुवारी दुपारी चालेल." मी, "किती वाजता?" त्या, "तीन." नेमकी तीनला माझीच दुसरी मीटिंग, म्हणून मी "चारला चालेल का" विचारलं तर त्या तेव्हा प्रवासात, "आता सोमवारी बघू." मी, "सोमवारी ११?" त्या, "ओके." मोजले तर दहा मेल झाले. आणि बोलणं किती वेळ चाललं? बावीस मिनिटं!

नंतर पहिला मेल परत वाचला तेव्हा लक्षात आलं की त्यात "हो" म्हणता येईल असं काहीच नव्हतं. सगळा विचार मी त्यांच्यावर ढकलला होता आणि वर स्वतःला नम्र समजत होते.

तर ज्याचं कॅलेंडर आपल्याला दिसत नाही अशा माणसाला वेळ मागताना तुम्ही पाठवायच्या आधी मेलमध्ये काय बघता? फजितीचे किस्से जास्त आवडतील :)

डायरीवाली

सायली, पंधरा वर्षं दोन साहेबांची डायरी सांभाळली आहे, असे मेल रोज दहा तरी यायचे. मी एकच बघायचे, हा मेल वाचून, काहीही उलट न विचारता, डायरीत नोंद करता येतेय का? वार, तारीख, सुरू कधी, संपणार कधी, कोण कोण, कुठे किंवा कुठल्या नंबरवर, आणि कशासाठी. यातलं एक जरी नसलं तरी तो मेल "नंतर बघू"च्या ढिगात जायचा. मुद्दाम नाही, पण उलट प्रश्न लिहायला बसणं हे एक वेगळं काम होतं ना.

आता मी स्वतः मेल लिहिते तेव्हा उलटं करून बघते. समोरच्याने फक्त "२" असं उत्तर दिलं असं समजायचं, आणि त्या "२"वरून मला लगेच कॅलेंडरचं आमंत्रण टाकता येईल का हे तपासायचं. येत असेल तर मेल तयार.

वेळा तीन द्यायच्या. एकच दिली तर ती हुकूम वाटते, सहा दिल्या तर माणूस वाचतच नाही. तिन्ही वेगवेगळ्या दिवशी, त्यात एक तरी सकाळची आणि एक तरी दुपारची, कारण एकाच दिवशीच्या तीन वेळा म्हणजे माणूस त्या दिवशी बाहेर असला की तिन्ही गेल्या. आणि हे बहुतेक जण विसरतात, दिलेल्या वेळा स्वतःच्या कॅलेंडरमध्ये आधी अडवून ठेवायच्या. "तात्पुरतं" असं नाव देऊन. तुझं तीनचं जे झालं ते त्यामुळेच, पण निदान तू वेळ दिली नव्हतीस. मी एकदा एकच मंगळवार सकाळी ११ दोघांना देऊन बसले होते आणि दोघांचंही "हो" आलं एका तासात.

निवांत_बुवा

एवढा घोळ कशाला घालायचा, बुकिंगची लिंक पाठवायची आणि मोकळं व्हायचं. माणूस येतो, मोकळी वेळ टिचकी मारून घेतो, आमंत्रण आपोआप जातं. मी दोन वर्षं हेच करतोय, एकही उलट मेल नाही.

डायरीवाली

बुवा, ज्याला तुमचा वेळ हवाय त्याला लिंक द्या, उत्तम. पण तुम्ही उपकार मागताय आणि वर म्हणताय या माझ्या पानावर आणि माझ्या मोकळ्या वेळात तुमचं डोकं बसवा, हे काही जणांना खटकतं. आमचे मोठे साहेब लिंक उघडायचेच नाहीत, मला पुढे पाठवायचे, आणि मी एकदा उघडली तर पुढचे तीन आठवडे एकही वेळ मोकळी नाही! पाठवणाऱ्याने स्वतः उघडून बघितलीच नव्हती.

मी दोन्ही देते. तीन वेळा लिहून, आणि खाली "यातलं जमत नसेल तर इथून निवडा".

निवांत_बुवा

हं, तीन आठवड्यांचं मान्य. बाकी मला अजून पटलं नाही, माझ्यासारख्या माणसाला तीन वेळा अडवून ठेवणं परवडत नाही. दहा जणांना मेल गेला म्हणजे तीस जागा अडल्या.

डायरीवाली

म्हणून तर मुदत लिहायची असते बुवा. "सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवलंत तर या वेळा तुमच्यासाठी राखून ठेवते." सोमवार गेला की सोडून द्यायच्या. पण दहा जणांचं तुमचं बरोबर आहे, तिथे माझी पद्धत तोकडी पडते.

परवाचा_पाहुणा

माझं नाव बघा आणि समजून घ्या. मी एका पुरवठादाराला लिहिलं "परवा भेटू या का ४ वाजता", आता मराठीत परवा म्हणजे येणाराही आणि होऊन गेलेलाही, पण इथे तो घोळ नव्हता कारण गेलेल्या परवा कोण भेटणार, घोळ असा झाला की मेल मी रात्री पावणेबाराला पाठवला आणि त्याने सकाळी उठून वाचला, त्याचा परवा माझ्या परवापेक्षा एक दिवस पुढे, मी बुधवारी जाऊन बसलो आणि तो गुरुवारी आला. तेव्हापासून उद्या, परवा, "येता शुक्रवार", "पुढचा शुक्रवार" सगळं बंद. पुढचा शुक्रवार म्हणजे या आठवड्यातला की त्यानंतरचा यावर आमच्या घरात सुद्धा एकमत नाही.

आणि तारीख ५/६ अशी लिहू नका, कुणी पाच जून वाचतं कुणी सहा मे. महिना अक्षरात लिहा, सोबत वार लिहा. वार आणि तारीख दोन्ही असले की एक चुकलं तर वाचणाऱ्याला कळतं तरी की काहीतरी गडबड आहे.

अनघा

आमच्याकडे तर मीटिंग सुरू झाली की अजेंडा कुणी बघतच नाही, एक जण त्याचंच पुराण लावतो. त्याला गप्प कसं करायचं?

सायली_क

अनघा, तो वेगळा धागा होईल आणि खूप चालेल :) इथे मीटिंग ठरायच्या आधीचं बोलतोय.

अनघा

अरे हो, मी शीर्षक नीट वाचलंच नाही. पण आधी अजेंडा नीट लिहिला असता तर पुराण कमी झालं असतं असं आता वाटतंय.

ढवळे_मास्तर

अनघाताईंचं अगदीच विषयाबाहेर नाही. मी मेलमध्ये "प्रकल्पाबाबत चर्चा" एवढंच लिहायचो. एकदा अकरा जण आले, छान चर्चा झाली, आणि शेवटी कळलं की खर्चाला होकार द्यायचा अधिकार ज्यांच्याकडे ते आलेच नाहीत. त्यांना विचारलं तर म्हणाले, "चर्चा होती ना, मला वाटलं माझं काय काम." चूक माझी.

आता मुद्दे प्रश्नासारखे लिहितो. "वेळापत्रक" नाही, "दुसरा टप्पा एक महिना पुढे ढकलायचा का?" असं. वाचणाऱ्याला लगेच कळतं की आपण यायला हवं की आपल्या हाताखालच्या माणसाला पाठवलं तर चालेल. कधी कधी तर प्रश्न वाचून मेलवरच उत्तर येतं आणि मीटिंगच लागत नाही.

आणि मुद्दे मोजून वेळेशी ताडून बघतो. ३० मिनिटांत पाच प्रश्न लिहिले असतील तर एकतर ३० खोटं आहे किंवा पाच. सुरुवातीची पाच मिनिटं नमस्कार-चमत्कारात जातात, उरतात पंचवीस, त्यात दोन प्रश्न नीट होतात. "दोनच मिनिटं हवीत" असं तर कधीच लिहू नका, कुणी विश्वास ठेवत नाही.

मिनी_मावशी

मी थेट कॅलेंडरचं आमंत्रण पाठवते, त्यात स्वीकार, नकार, कदाचित अशी बटणंच असतात, उत्तर द्यायला याहून सोपं काय? तरी एकदा सात जणांपैकी कुणाचंच उत्तर येईना, मी रागावून प्रत्येकाला फोन केले. सगळे म्हणाले, आम्ही तर हो म्हटलंय. शेवटी मुलाने बघितलं तर आउटलुकमध्ये आमंत्रण बनवताना "Request Responses" समोरची खूण माझ्या हातून निघाली होती, म्हणजे त्यांच्या होकाराची खबर माझ्याकडे येतच नव्हती. तिथेच "Allow New Time Proposals" असतं, ते बंद असेल तर समोरच्याला दुसरी वेळ सुचवता येत नाही, तो सरळ नकार देतो. तेव्हापासून पाठवायच्या आधी दोन्ही बघते.

डायरीवाली

मावशी, हे भारी सांगितलंत, मला फक्त पहिलं माहीत होतं. एक भर घालते. परदेशातला माणूस असेल तर आमंत्रणच बरं, कारण त्यात वेळ कुठल्या देशाची ते आत नोंदलेलं असतं आणि त्याला त्याच्या घड्याळाप्रमाणे दिसतं. मजकुरात लिहिलेली वेळ अशी बदलत नाही. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात, अमेरिकेत त्याच महिन्यात दुसऱ्याच रविवारी, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे नेहमीचा हिशोब चुकतो. पण अनोळखी माणसाला न विचारता एकदम आमंत्रण धाडू नये, आधी मेल, होकार आला की आमंत्रण.

शांत_लाट

माझा प्रश्न थोडा अवघड आहे. मला वरिष्ठांशी माझ्या बदलीबद्दल बोलायचंय, आणि त्यांचं कॅलेंडर चार लोकांना दिसतं. अजेंडा काय लिहू? "वैयक्तिक" लिहिलं की सगळ्यांचे कान टवकारतात.

ढवळे_मास्तर

"माझ्या कामाच्या वाटणीबद्दल, २० मिनिटं, फक्त आपण दोघं" असं मेलमध्ये, आणि आमंत्रणाला नुसतं तुमचं नाव.

परवाचा_पाहुणा

पण काहीच न लिहिता "थोडं बोलायचंय" नको हां. माझ्या साहेबांनी शुक्रवारी संध्याकाळी असं पाठवलं, दोन रात्री झोप नाही, आणि सोमवारी विचारलं काय तर प्रिंटर कुठला घ्यायचा.

शांत_लाट

मास्तर, वाटणी लिहिली आणि आत बदली काढली तर त्यांना फसवल्यासारखं नाही वाटणार? अजून ठरत नाहीये माझं.

सायली_क

हे सगळं वाचून त्याच मॅडमना पुढच्या भागासाठी मेल लिहिलाय, पाठवलेला नाही अजून. बघा:

> विषय: रिपोर्टचा चौथा भाग, फोनवर ३० मिनिटं
>
> नमस्कार मॅडम, चौथ्या भागाबद्दल दोन प्रश्न आहेत. तक्ता ठेवायचा की काढायचा? आणि निष्कर्ष दोन पानांत बसवता येईल का? भाग सोबत जोडला आहे, फक्त शेवटची तीन पानं बघितलीत तरी पुरे.
>
> १) मंगळवार १४, सकाळी ११ ते ११.३०
> २) गुरुवार १६, दुपारी ३ ते ३.३०
> ३) शुक्रवार १८, सकाळी १० ते १०.३०
>
> नुसता आकडा कळवलात तरी चालेल, मीच फोन करेन. यातलं काही जमत नसेल तर "४" लिहा, मी नवीन वेळा पाठवेन. शनिवार ११ पर्यंत या वेळा राखून ठेवते.

डायरीवाली

छान झालाय. महिना राहिला, विषयातही तारखा टाक. आणि गुरुवारी १६ असेल तर शुक्रवारी १८ कशी गं?

सायली_क

अगं बाई! १७. आणि कॅलेंडरमध्ये अडवलीय ती शनिवारची वेळ. थांबा, आधी ती काढते.