चर्चा: माफीत ‘मला माहीत नव्हतं’ लिहावं का?

काउंटर_नं_३: एका सहकारी बँकेच्या शाखेत काम करते. एक सहकारी सहा आठवड्यांच्या रजेवरून परतली. मार्च एन्डिंग आम्ही तिच्याशिवाय काढलं होतं. शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिहिलं, ‘आराम झाला ना? आता जरा आमच्यासारखं राबा.’ दोघातिघांनी हसण्याचे इमोजी टाकले. ती काहीच बोलली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन एकटीच रेकॉर्ड रूममध्ये बसते. नंतर एका ज्येष्ठ बाईंनी बाजूला घेऊन सांगितलं की रजा वैद्यकीय होती आणि कारण गंभीर होतं. ते तिचं खाजगी आहे, इथे लिहिणार नाही. ग्रुपवर टाकायला हा मजकूर लिहिलाय: ‘शुक्रवारच्या माझ्या मेसेजमुळे कुणाचं मन दुखावलं असल्यास क्षमस्व. क्लोजिंगचा ताण होता आणि रजेचं खरं कारण मला माहीत नव्हतं. हेतू वाईट नव्हता. मोठ्या मनाने माफ कराल ही आशा.’ हे पाठवू का?

कृष्णाकाठ: पाठवा. ‘माहीत नव्हतं’ हे वाक्य तर हवंच. ते काढलंत तर तिला वाटेल, हिला सगळं ठाऊक होतं आणि तरी बोलली. ते जास्त लागेल. खरं आहे ते सांगण्याला सबब कशी म्हणायची?

रेवती_निवृत्त: नोकरीत असताना कर्मचारी संघटनेचं काम केलं, असे माफीनामे पुष्कळ वाचले. कृष्णाकाठ, तुमचं म्हणणं तिच्या बाजूने बरोबर आहे, पण ग्रुपच्या बाजूने बघा. ‘खरं कारण माहीत नव्हतं’ हे वाचल्याबरोबर जेवणाच्या सुट्टीत पहिला प्रश्न येणार: मग खरं कारण काय? जी गोष्ट तिने शाखेपासून लपवली, तिच्या मागे आख्खी शाखा लागणार, आणि तेही माफीच्या निमित्ताने.

दुसरं असं की या वाक्याचा अर्थ ‘कारण किरकोळ असतं तर माझा टोमणा चालला असता’ असा होतो. समजा ती बहिणीच्या लग्नाला गेली असती, तरी मंजूर झालेल्या रजेवरून चारचौघांत बोलायचा हक्क कुणाला नव्हता. चूक बोलण्यात होती, कारण माहीत असो वा नसो.

‘दुखावलं असल्यास’ काढा. ती एकटी बसते हे तुम्हीच लिहिलंय. मग ‘असल्यास’ कशाला? आणि ‘कुणाचं’ म्हणजे कुणाचं? दुखावलेली माणूस एकच आहे.

सोलापूरकर_अण्णा: काहीही लेखी देऊ नका! आज माफी लिहाल, उद्या तोच कागद चौकशीत पुढे येईल. माझ्या भावाने सोसायटीत पार्किंगच्या भांडणानंतर लेखी दिलगिरी दिली, ती पुढच्या प्रत्येक सभेत वाचून दाखवली. तोंडी बोला, विषय संपवा.

टोरोंटोकर: अण्णांची भीती अगदीच निराधार नाही. आमच्याकडे ओंटारिओत २००९ साली याच भीतीपोटी कायदा झाला: माफी मागितली म्हणून दिवाणी दाव्यात ती चुकीचा पुरावा धरता येत नाही. भारतात असा सर्वसाधारण कायदा नाही. पण इथे मूळ मेसेज नाव-वेळेसकट सगळ्यांच्या फोनमध्ये आहेच. माफी मागितल्याने त्यात नवं काय उघड होणार?

नाना_५८: कसला आजार आहे त्यांना? माझ्या मेहुणीला थायरॉइडमुळे दोन महिने रजा घ्यावी लागली होती, चांगले डॉक्टर सुचवू शकतो.

रेवती_निवृत्त: नाना, तुमचा हेतू मदतीचा आहे, पण तो प्रश्न इथे नकोच. मी वर म्हटलं ते हेच.

मिडविकेट: ‘ताण होता’ या वाक्याबद्दल. जानेवारी २०१९ मध्ये हार्दिक पंड्याने टीव्हीवरच्या गप्पांत बायकांबद्दल जे बोलला त्याची माफी ट्विटरवर मागितली. त्यातही ‘दुखावलं असल्यास’च्याच चालीचं वाक्य होतं, आणि कार्यक्रमाचा बाजच तसा असल्याने वाहवत गेलो, असंही होतं. लोकांच्या लक्षात माफीऐवजी ते ‘वाहवत गेलो’च राहिलं. क्रिकेट बोर्डाने त्याला आणि त्याच गप्पांत असलेल्या के. एल. राहुलला निलंबित करून ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावरून परत बोलावलं. एप्रिलमध्ये बोर्डाच्या लोकपालांनी दोघांना प्रत्येकी वीस लाख भरायला लावले, त्यातले दहा लाख कर्तव्यावर मरण पावलेल्या निमलष्करी दलांच्या दहा जवानांच्या विधवांना आणि उरलेले दहा अंध क्रिकेटच्या निधीला. ‘क्लोजिंगचा ताण’ म्हणजे तुमचं ‘वाहवत गेलो’. ताण तर सगळ्या शाखेला होता, बाकी कुणी तसं लिहिलं नाही.

कृष्णाकाठ: ताणाचं पटलं, काढा ते. ग्रुपवर ‘माहीत नव्हतं’ नको, हेही पटलं. पण समोरासमोर तरी सांगा. काहीच स्पष्टीकरण न देता नुसतं ‘चुकलं’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला ते पाठ केलेलं वाटतं. माझ्या धाकट्या जावेने माझी अशी कोरडी माफी मागितली होती. का बोलली ते मला आजही कळलेलं नाही, आणि ते आजही सलतं.

रेवती_निवृत्त: हे मी नाकारत नाही. तिने विचारलं तर जरूर सांगावं. न विचारता सांगितलं की तिच्यावरच ‘असू दे, तुला कुठे माहीत होतं’ म्हणायची पाळी येते. दुखावलेल्याने दुखावणाऱ्याची समजूत काढायची, असं होतं ते.

‘मोठ्या मनाने माफ कराल’ हेही त्याच जातीचं. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या मंडळींनी २०१६ साली माफीचे सहा भाग वेगवेगळे तपासले होते. चूक माझी, हे स्वीकारणं सगळ्यात परिणामकारक ठरलं, त्यानंतर भरपाईची तयारी. माफ करा ही विनंती सगळ्यात शेवटी. म्हणून ती गाळली तर फारसं बिघडत नाही.

टोरोंटोकर: मग मूळ वाक्य माफीत पुन्हा उद्धृत करावं का? मला वाटतं करावं, नाहीतर कशाबद्दल माफी ते मोघम राहतं.

रेवती_निवृत्त: मी नाही करणार. ‘रजेवरून टोमणा मारला’ एवढं पुरे. काय केलं ते कळतं, आणि ते शब्द तिला दुसऱ्यांदा वाचावे लागत नाहीत.

काउंटर_नं_३: सगळं वाचलं. नवीन मजकूर:

‘शुक्रवारी मी या ग्रुपवर आपल्या एका सहकारी मैत्रिणीच्या रजेवरून टोमणा मारला. तसं लिहायला नको होतं. मंजूर झालेली रजा कुणी कशासाठी घेतली हा माझ्या बोलण्याचा विषय नव्हता. चूक सर्वस्वी माझी आहे आणि मी तिची माफी मागते. यापुढे कुणाच्या रजेबद्दल ग्रुपवर किंवा काउंटरवर बोलणार नाही. यावर इथे कुणी काही लिहू नये, ही विनंती.’

शेवटची ओळ अशासाठी की खाली ‘जाऊ दे गं, विसर आता’ असे मेसेज आले तर ते तिच्यावर दडपण होईल. मूळ मेसेज मी पुसलेला नाही. पुसू का?

मिडविकेट: आधी पुसून मग माफी मागितली तर लपवल्यासारखं दिसतं. तिला विचारा आणि ती म्हणेल तसं करा. आणि आता व्हॉट्सॲप स्वतःकडचं पुसू देईल, सगळ्यांकडचं कदाचित नाही. ‘सगळ्यांसाठी’ पुसायला दोनेक दिवसच मिळतात.

सोलापूरकर_अण्णा: तरी मी म्हणतो, ग्रुपवर नको. तिला पुन्हा सगळ्यांसमोर उभं करता आहात. समोर जा आणि बोला.

रेवती_निवृत्त: अण्णा, टोमणा ग्रुपवर होता, हसणारेही तिथेच होते. फक्त एकांतात माफी मागितली तर त्यांच्या लेखी ते वाक्य तसंच राहतं. पण तुमच्या म्हणण्यातलं एक घ्यायला हवं: आधी तिच्याकडे जा, हा मजकूर वाचायला द्या आणि ग्रुपवर टाकू का ते विचारा. ती नको म्हणाली तर टाकू नका, मग तुम्हाला कितीही वाटलं तरी.

कृष्णाकाठ: आणि तीच म्हणाली की कारण माहीत नव्हतं ते लिही, तर?

रेवती_निवृत्त: तर लिहावं. तेव्हा ते तिचं वाक्य असेल.

काउंटर_नं_३: सोमवारी कॅश बंद झाल्यावर जाते. डब्याच्या वेळी नको, तेवढा अर्धा तास तिचा आहे.